हालचालीची सुरुवात कोठून होते? स्नायुतर्कू, कंडरा-अवयव आणि एका गृहीतकाचा इतिहास

गुडघ्याच्या वाटीखाली हातोडीने हलका ठोका दिला की पाय झटक्याने पुढे येतो. ही गोष्ट 1875 साली विल्हेल्म एर्ब आणि कार्ल वेस्टफाल या दोन जर्मन वैद्यांनी एकाच नियतकालिकात स्वतंत्रपणे नोंदवली. निरीक्षण एकच होते, पण अर्थाबाबत दोघांचे मत वेगळे होते. एर्ब यांच्या मते हा प्रतिक्षेप होता, म्हणजे संवेदना मेरुरज्जूत जाऊन तेथून आज्ञा परत येत होती. वेस्टफाल यांना वाटत होते की ताणला गेलेला स्नायू स्वतःच उसळतो, त्यात चेतासंस्थेचा हात नाही. पुढे एर्ब यांचे म्हणणे खरे ठरले. मात्र या वादातून निघालेला खरा प्रश्न आणखी शंभर वर्षे टिकून राहिला. हा प्रतिक्षेप वैद्याच्या हातोडीपुरताच आहे, की आपण चालतो, उचलतो, लिहितो तेव्हाही तो काम करत असतो? आणि करत असेल, तर हालचाल तो सुरू करतो की फक्त सांभाळतो?

या टिपणात आपण या प्रश्नाला दिलेल्या एका उत्तराचा इतिहास पाहणार आहोत. ते उत्तर 1953 साली मांडले गेले. ते देखणे होते, तपासता येण्याजोगे होते, आणि चुकीचे निघाले. ते कसे चुकले हे समजले की ताण-प्रतिक्षेप हालचालीत नेमके काय करतो हेही समजते.

दोन संवेदक, दोन जागा

स्नायूत ताणाची खबर देणारे दोन मुख्य संवेदक असतात. पहिला स्नायुतर्कू, म्हणजे मसल स्पिंडल. काही मिलिमीटर लांबीच्या एका आवरणात बारीक, खास प्रकारचे स्नायुतंतू असतात आणि त्यांच्या मध्यभागाला संवेदी चेतातंतूंनी विळखा घातलेला असतो. चातीसारखा मध्ये फुगीर आणि टोकांना निमुळता आकार असल्याने एकोणिसाव्या शतकातच त्याला हे नाव मिळाले होते. पण तो संवेदक आहे याबद्दल खात्री नव्हती. 1894 साली चार्ल्स शेरिंग्टन यांनी मेरुरज्जूतून निघणारी प्रेरक चेतामुळे कापली आणि त्यांतील तंतू नष्ट होऊ दिले. तरीही तर्कूकडे जाणारे चेतातंतू शाबूत राहिले. म्हणजे ते संवेदी होते. दुसरा संवेदक कंडरा-अवयव. कामिलो गोल्जी यांनी 1880 साली त्याचे वर्णन केले. तो स्नायू आणि कंडरा जिथे जुळतात तिथे असतो.

या दोघांच्या कामातील फरक त्यांच्या जागेतून येतो. तर्कू स्नायूच्या मोठ्या तंतूंना समांतर बसवलेला असतो. स्नायू लांब झाला की तोही लांब होतो, स्नायू आखडला की तोही सैल पडतो. कंडरा-अवयव मात्र स्नायुतंतूंच्या टोकाशी, ओळीत बांधलेला असतो. त्यामुळे स्नायू ओढला गेला काय किंवा स्वतः आखडला काय, त्याच्यावर ओढ येतेच. विहिरीवरच्या पोहऱ्याचा दोर डोळ्यांसमोर आणा. दोराच्या मध्ये काटा बांधला तर तो वजन सांगेल. दोराच्या कडेने दुसरी बारीक दोरी लावली तर ती दोराची लांबी सांगेल.

केंब्रिजमध्ये ब्रायन मॅथ्यूज यांनी 1933 साली मांजराच्या एकेका संवेदी तंतूतून विद्युत् स्पंद नोंदवून हा फरक प्रत्यक्ष दाखवला. स्नायूला विजेचा झटका देऊन आखडायला लावले की तर्कूच्या तंतूतील स्पंद थांबत आणि कंडरा-अवयवाच्या तंतूतील स्पंद वाढत. एखादा तंतू कोणत्या संवेदकाचा आहे हे ओळखण्यासाठी ही कसोटी आजही वापरली जाते.

दरम्यान 1924 साली लिडेल आणि शेरिंग्टन यांनी, मेंदूचा वरचा भाग तोडलेल्या मांजराची मांडी काही मिलिमीटर ताणली तरी तो स्नायू ताणाविरुद्ध जोराने आखडतो आणि ताण असेपर्यंत आखडलेला राहतो, हे दाखवले. चेता कापली की हा जोर नाहीसा होई. डेव्हिड लॉइड यांनी 1943 साली या मार्गात मेरुरज्जूत एकच सिनॅप्स असल्याचे सिद्ध केले. तर्कूकडून येणारा जाड, वेगवान तंतू थेट त्याच स्नायूच्या प्रेरक चेतापेशीला जाऊन भिडतो.

अडचण आणि गॅमा तंतू

आता मॅथ्यूज यांच्या निष्कर्षाकडे पुन्हा पाहा. स्नायू आखडला की तर्कू गप्प होतो. मग हालचालीच्या वेळी, जेव्हा स्नायू आखडतच असतो, तेव्हा हा संवेदक निरुपयोगी ठरायला हवा. असा संवेदक कशासाठी?

उत्तर स्टॉकहोममधून आले. मेरुरज्जूतून स्नायूकडे जाणाऱ्या प्रेरक तंतूंत जाड आणि बारीक असे दोन गट असतात हे आधीच माहीत होते. जाड ते अल्फा, बारीक ते गॅमा. लार्स लेक्सेल यांनी 1945 साली चेतेवर दाब देऊन जाड तंतूंचे वहन थांबवले आणि फक्त बारीक तंतू उद्दीपित केले. स्नायूचा जोर जवळजवळ वाढला नाही, पण तर्कूकडून येणारे स्पंद वाढले. हंट आणि कफलर यांनी 1951 च्या सुमारास एकेका गॅमा तंतूवर हेच दाखवले. गॅमा तंतू तर्कूच्या आतल्या बारीक स्नायुतंतूंची दोन टोके आखडतात, त्यामुळे संवेदी मध्यभाग ताणला जातो. म्हणजे तर्कू सैल पडू लागला तर चेतासंस्था तो पुन्हा आवळू शकते. ताशा सैल झाला की वाजवणारा तो तापवून पुन्हा ताणतो, तसेच हे.

मर्टन यांची कल्पना

दुसऱ्या महायुद्धात तोफा आणि जहाजांची सुकाणू वळवण्यासाठी सर्व्हो यंत्रणा मोठ्या प्रमाणावर वापरात आल्या होत्या. अशा यंत्रणेत हाताने एक हलकी मूठ फिरवायची. मूठ आणि तोफ यांच्या स्थितीत जो फरक पडेल तो यंत्र मोजते आणि फरक शून्य होईपर्यंत मोटर तोफ फिरवते. लंडनमधील पॅट मर्टन यांनी 1953 साली एका परिसंवादात मांडले की मेरुरज्जूतील ताण-प्रतिक्षेप नेमका असाच आहे.

त्यांचा युक्तिवाद असा. मेंदूला बोट वाकवायचे असेल तर त्याने अल्फा चेतापेशींना आज्ञा देण्याची गरज नाही. तो गॅमा चेतापेशींना आज्ञा देतो. तर्कूची टोके आखडतात, मध्यभाग ताणला जातो, स्पंद मेरुरज्जूत जातात, एकाच सिनॅप्सने अल्फा पेशी उद्दीपित होतात आणि मुख्य स्नायू आखडू लागतो. तो तर्कूइतका आखडला की तर्कूवरचा ताण संपतो आणि हालचाल थांबते. गॅमा तंतू ही हलकी मूठ, तर्कू हा फरक मोजणारा, मुख्य स्नायू ही मोटर. घाईच्या हालचालीत मेंदू थेट अल्फा मार्गही वापरत असेल, अशी मुभा मर्टन यांनी ठेवली होती. पण सावकाश, नेमक्या हालचालीचा मुख्य मार्ग गॅमाचाच असे त्यांचे म्हणणे होते.

या कल्पनेचा मोठा लाभ असा की मेंदूला ओझ्याचा विचार करावा लागत नाही. हातात पेन्सिल असो की पाण्याने भरलेला तांब्या, मेंदू फक्त ‘इतकी लांबी’ एवढेच सांगतो. जोर किती लागेल हे प्रतिक्षेप स्वतः ठरवतो. दहा-पंधरा वर्षे ही कल्पना पाठ्यपुस्तकांत ठाण मांडून होती.

कल्पना तपासायची कशी?

मर्टन यांच्या कल्पनेतून वेळेबाबत एक स्पष्ट भाकीत निघते. ते आपण आकड्यांनी करून पाहू. आकडे सोयीसाठी गोल घेतले आहेत.

समजा बोटे वाकवणारा स्नायू मेरुरज्जूपासून 70 सेंटिमीटर दूर आहे. तर्कूचे जाड संवेदी तंतू आणि अल्फा तंतू सेकंदाला साधारण 60 मीटर वेगाने स्पंद वाहतात असे धरू. मग एका बाजूच्या प्रवासाला सुमारे 12 मिलिसेकंद लागतात. तर्कूपासून मेरुरज्जू 12, सिनॅप्सला 1, परत स्नायूपर्यंत 12, असे एकूण 25 मिलिसेकंद. आता दंडातील चेतेत सुई खुपसून आपण तर्कूचे स्पंद ऐकत आहोत असे समजा. स्नायूपासून तिथवर स्पंद यायला 3 मिलिसेकंद लागतील. हालचाल तर्कूमुळे सुरू होत असेल, तर सुईला स्पंद ऐकू आल्यानंतर सुमारे 22 मिलिसेकंदांनी स्नायूत विद्युत् हालचाल दिसली पाहिजे. क्रम असा हवा: आधी तर्कू, मग स्नायू.

याउलट, मेंदू अल्फा आणि गॅमा दोघांना एकाच वेळी आज्ञा देत असेल तर काय होईल? गॅमा तंतू बारीक, म्हणून संथ. त्यांचा वेग सेकंदाला 30 मीटर धरला तर त्यांना 23 मिलिसेकंद लागतील, अल्फाला 12. म्हणजे स्नायूत विद्युत् हालचाल सुरू होईल तेव्हा गॅमाची आज्ञा अजून वाटेत असेल. ती पोचल्यावर तर्कूचे तंतू आखडायला आणखी वेळ आणि मग सुईपर्यंतचे 3 मिलिसेकंद. आता क्रम उलटा हवा: आधी स्नायू, मग तर्कू.

दोन कल्पना, दोन उलट क्रम. फक्त जाग्या माणसाच्या चेतेतून एकेक तंतू ऐकण्याची सोय हवी होती.

उप्सालामधील सुई

ती सोय स्वीडनमधील उप्साला येथे कार्ल-एरिक हागबार्थ आणि ऑके वाल्बो यांनी 1960 च्या दशकाच्या मध्यावर केली. टंगस्टनची अतिशय बारीक टोकाची, टोक सोडून बाकी सर्वत्र विजेला अडवणारा लेप दिलेली सुई त्यांनी त्वचेतून चेतेत घातली. सुरुवातीला हे प्रयोग त्यांनी स्वतःवरच केले. सुई मिलिमीटरच्या काही अंशाने सरकवत नेली की एखाद्या तंतूचे स्पंद इतरांपासून वेगळे ऐकू येतात. तो तंतू तर्कूचाच आहे याची खात्री मॅथ्यूज यांच्या कसोटीने करायची: स्नायू हळूच ताणला की स्पंद वाढतात का, आणि झटका देऊन स्नायू आखडला की थांबतात का.

वाल्बो यांनी 1971 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत माणसांना बोटे न हलू देता जोर लावायला सांगितले. एका बाजूला स्नायूची विद्युत् नोंद आणि दुसऱ्या बाजूला तर्कूचे स्पंद. निकाल स्पष्ट होता. तर्कूचे स्पंद वाढले, पण स्नायूची विद्युत् हालचाल सुरू झाल्यानंतर. आधी नव्हे. जो उशीर दिसला तो गॅमा तंतूंच्या संथपणाशी जुळणारा होता. म्हणजे मेंदू अल्फा आणि गॅमा यांना जोडीने आज्ञा देत होता आणि गॅमाचा परिणाम मागून पोचत होता. अल्फा आणि गॅमा जोडलेले असतात असे राग्नार ग्रानिट प्राण्यांवरील प्रयोगांवरून आधीपासून सांगत होते. आता ते माणसात, ऐच्छिक हालचालीत दिसले.

दुसरा धक्का प्रमाणाचा होता. सर्व्हो खरोखर हालचाल चालवत असेल तर छोट्या फरकाला मोठा प्रतिसाद मिळायला हवा. माणसातील तर्कू सावकाश हालचालीत सेकंदाला तीसच्या आतबाहेरच स्पंद देतात. एवढ्या सिग्नलवर मोटरसारखा जोर उभा राहणे शक्य नव्हते. मर्टन यांनी स्वतः मार्सडेन आणि मॉर्टन यांच्यासह 1972 पासून अंगठ्यावर प्रयोग केले. तेव्हा त्यांची भाषाही बदललेली होती: सर्व्हो हालचाल सुरू करत नाही, तिला मदत करतो.

मग तर्कू काय करतो?

जोडीने आज्ञा देण्याचा उपयोग एका प्रसंगातून पाहू. तुम्ही रिकामा समजून एक डबा उचलता. मेंदूने अल्फा पेशींना थोडा जोर आणि गॅमा पेशींना तेवढ्याच आखडण्याची आज्ञा दिली आहे. डबा खरोखर रिकामा असेल तर दंडाचा स्नायू आणि त्यातील तर्कू बरोबरीने आखडतात. तर्कूवरचा ताण फारसा बदलत नाही, तो पूर्वीच्याच गतीने स्पंद देत राहतो. मॅथ्यूज यांच्या प्रयोगात तो गप्प झाला होता, कारण तिथे फक्त मुख्य स्नायूला झटका दिला होता, गॅमाला आज्ञा नव्हती.

पण डबा तांदळाने भरलेला निघाला तर? स्नायू अपेक्षेइतका आखडू शकत नाही. तर्कूची टोके मात्र आज्ञेप्रमाणे आखडत राहतात, त्यामुळे मध्यभाग ताणला जातो. स्पंद वाढतात आणि अल्फा पेशींना वरून थोडी जास्तीची चेतना मिळते. जोर वाढू लागतो, तुम्हाला डबा भरलेला असल्याचे नीट लक्षात येण्याच्या आधीच. ही मदत मर्यादित असते. पुरा तांदळाचा डबा ती एकटी उचलू शकत नाही, उरलेले काम मेंदूकडून थोड्या उशिराने येणाऱ्या प्रतिसादांना करावे लागते. तर्कूची खबर अशी की, ठरवलेली लांबी आणि प्रत्यक्ष लांबी यांत फरक पडला आहे.

चालताना प्रतिक्षेपाचा आवाज कमी-जास्त होतो

हीच मदत प्रत्येक वेळी हवीशी असते असेही नाही. पाऊल उचलून पुढे नेताना घोटा वर वळतो आणि पोटरीचा स्नायू ताणला जातो. त्या क्षणी ताण-प्रतिक्षेप जोरात आला तर चवडा खाली येईल आणि माणूस अडखळेल.

कॅपाडे आणि स्टाइन यांनी 1986 साली चालणाऱ्या माणसांत गुडघ्यामागील चेतेला विजेचा सौम्य झटका देऊन पोटरीचा प्रतिक्षेप मोजला. पाऊल हवेत असताना तो जवळपास नाहीसा होत असे. पाऊल टेकल्यावर हळूहळू वाढत जाई आणि टाच उचलून पुढे रेटण्याच्या सुमारास सर्वांत मोठा होई. उभे राहिलेल्या माणसात, स्नायूची विद्युत् हालचाल तेवढीच असतानाही, तो चालण्यापेक्षा कितीतरी मोठा होता. या प्रयोगात झटका थेट चेतेला दिला जातो, तर्कू वगळला जातो. म्हणून हा चढउतार गॅमामुळे तर्कू कमी-जास्त आवळल्याचा नसून मेरुरज्जूतच होतो असे ठरते. तर्कूच्या तंतूचे टोक अल्फा पेशीला भिडते त्याच जागी, सिनॅप्सच्या अलीकडे, ते दाबले जाते हे त्याचे एक कारण मानले जाते.

कंडरा-अवयवाची बदललेली ओळख

कंडरा-अवयवाचीही समजूत अशीच बदलली. मॅथ्यूज यांना तो स्नायू फार जोराने ताणल्यावरच स्पंद देताना दिसला. शिवाय त्याच्या तंतूंमुळे स्वतःच्याच स्नायूच्या प्रेरक पेशी दबतात हेही दिसून आले. या दोन गोष्टी जोडून ‘स्नायू फाटू नये म्हणून ठेवलेला पहारेकरी’ अशी त्याची ओळख रूढ झाली. ती अजूनही काही पुस्तकांत आढळते.

हूक आणि हेनेमन यांनी 1967 साली चूक कोठे होती ते दाखवले. बाहेरून ताणलेल्या निष्क्रिय स्नायूत ओढ कंडरा-अवयवापर्यंत नीट पोचत नाही. पण त्या अवयवाला थेट जोडलेले दहा-वीस स्नायुतंतू असतात, त्यांपैकी एखादा जरी आखडला तरी तो अवयव स्पंद देतो. म्हणजे तो संकटाची घंटा नाही, रोजच्या बारीक जोराचे माप आहे.

चालताना तर त्याचा परिणामच उलटतो. डॉयसेन्स आणि पिअर्सन यांनी 1980 साली चालणाऱ्या मांजराच्या घोट्याच्या स्नायूवर भार ठेवला, तेव्हा पाय उचलण्याची क्रिया थांबली. कॉनवे, हुल्टबोर्न आणि किएन यांनी 1987 साली दाखवले की, चालण्याची लय मेरुरज्जूत सुरू असताना पाय ताठ करणाऱ्या स्नायूंचे हे संवेदी तंतू उद्दीपित केले तर त्या स्नायूंचा जोर दबण्याऐवजी टिकतो, वाढतो. अर्थ सरळ आहे: पायावर भार आहे तोवर तो पाय उचलू नकोस. भार उतरला की स्पंद कमी होतात आणि पाय उचलण्याचा मार्ग मोकळा होतो. तोच तंतू, तोच स्नायू. एका स्थितीत दमन, दुसऱ्या स्थितीत बळ.

रुग्णापर्यंत पोचलेला प्रश्न

मर्टन यांच्या कल्पनेची सावली दवाखान्यातही पडली होती. पक्षाघातानंतर अनेकांचे हातपाय ताठर होतात आणि त्यांचा ताण-प्रतिक्षेप अतिशय तीव्र होतो. गॅमा तंतू अति काम करत असल्याने तर्कू कायम आवळलेला राहतो आणि म्हणून हे होते, असे मानले जाई. हागबार्थ आणि सहकाऱ्यांनी 1973 साली त्याच सुईने अशा रुग्णांचे तर्कू ऐकले. स्नायू ताणल्यावर त्यांचे स्पंद निरोगी माणसांपेक्षा जास्त नव्हते. म्हणजे दोष संवेदकात नव्हता, त्याची खबर मेरुरज्जूत ज्या प्रकारे स्वीकारली जाते त्यात होता. उपचारही मग त्याच ठिकाणी शोधावा लागतो.

हे सर्व वाचताना दोन मर्यादा लक्षात ठेवाव्यात. वाल्बो यांचे मूळ प्रयोग न हलणाऱ्या बोटांवरचे होते, कारण पळणाऱ्या माणसाच्या चेतेत सुई स्थिर राहत नाही. आणि चालण्याच्या वेळी कंडरा-अवयव काय करतो याची थेट माहिती मुख्यतः मांजरांकडून आली आहे. माणसात ती आडमार्गाने, भार कमी-जास्त करून तपासावी लागते. परीक्षेत ‘ताण-प्रतिक्षेपाचे कार्य’ असा प्रश्न आला तर उत्तरात आधी विचारावे: कोणत्या क्षणी? उभे असताना, पाऊल हवेत असताना, की पायावर भार असताना? त्या क्षणानुसार उत्तर बदलते.